नंबर पोर्ट होऊन गेला, शेवटचे बिल मात्र मागे लागले

प्रति,
माननीय अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), नवी दिल्ली
आणि पोस्टपेड सेवा देणाऱ्या सर्व मोबाईल कंपन्यांचे बिलिंग विभाग

सप्रेम नमस्कार.

मी कराडला मोबाईलचे छोटे दुकान चालवतो. सिम, रिचार्ज, कव्हर, काच बसवणे असली कामे. 20 जानेवारी 2011 ला नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर सुरू झाली, तेव्हापासून मी लोकांचे नंबर पोर्ट करून देतो आहे. ‘पोर्ट मारायचंय’ म्हणत दुकानात पाय ठेवणारे गिऱ्हाईक आठवड्यात चार-पाच तरी असते. त्यामुळे हे पत्र नियम न वाचता रागाने लिहिलेले नाही. आपण वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही, तेही मला ठाऊक आहे. म्हणून आमच्या घरची गोष्ट सांगणार असलो तरी मागणे नियमाबद्दलचे आहे.

आधी चांगले ते सांगतो. डिसेंबर 2019 पासून पोर्टिंगची पद्धत खरोखर सुटसुटीत झाली. PORT लिहून, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर 1900 वर पाठवायचा. जुन्या कंपनीकडे तिथल्या तिथे विचारणा होते. नंबर तिथे 90 दिवस झालेला असला, निघालेली बिले भरलेली असली, मालकी बदलाचा अर्ज किंवा कोर्टाची भानगड नसली, की आठ अक्षरांचा कोड येतो. आमच्या भागात तो चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीकडे जायचे, एकाच सर्कलमध्ये असाल तर कामाच्या तीन दिवसांत नंबर हलतो. मनात बदल झाला तर अर्ज केल्यापासून 24 तासांत CANCEL लिहून नंबरासह 1900 वर पाठवले की थांबते. आपण ठरवलेले पोर्टिंगचे शुल्कही 6 रुपये 46 पैसे. इथवर कुणाची तक्रार असेल असे वाटत नाही.

तक्रार सुरू होते ती नंबर हलल्यानंतर. प्रीपेडवाला उठून गेला की विषय संपला, उरलेला बॅलन्स बुडतो एवढेच. पोस्टपेडवाल्याचे मात्र एक बिल मागे राहते, कारण नंबर गेला त्या दिवशीपर्यंतच्या वापराचे बिल तेव्हा निघालेलेच नसते. कोड मिळायला ‘निघालेले बिल’ भरलेले असावे लागते. न निघालेल्याचा प्रश्न तिथे येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण ते न निघालेले बिल किती येणार, कधी येणार, कुठे येणार आणि ते चुकीचे निघाले तर भांडायचे कुणाशी, या चारही गोष्टी आज गिऱ्हाइकाला अंधारात चाचपडत शोधाव्या लागतात.

माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे उदाहरण घेतो. ती जिल्हा परिषदेच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाली. नंबर 2008 पासूनचा. पेन्शन, बँक, गॅस, सगळे त्याच नंबरला जोडलेले. घरी फॅमिली प्लॅन होता: मुख्य नंबर अक्काचा, त्याला जोडलेले दोन, एक दाजींचा आणि एक पुण्यात शिकणाऱ्या भाच्याचा. तिघांचे मिळून महिना भाडे 999 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. बिलाचे चक्र 5 तारखेपासून पुढच्या 4 तारखेपर्यंत. रेंज घरात येईना म्हणून मागच्या वर्षी जूनमध्ये कंपनी बदलायचे ठरले. 5 जूनचे बिल, 1178 रुपये 82 पैसे, अक्काने 9 तारखेला भरले. 10 ला 1900 वर मेसेज टाकला, कोड आला, 11 ला अर्ज झाला आणि 14 च्या पहाटे जुने सिम मेले, नवे चालू झाले. दाजी ‘तुझं नीट चाललं तर मी येतो’ म्हणून थांबले. भाच्याची परीक्षा होती. ते दोघे 5 जुलैला पहाटे हलले. म्हणजे जुन्या कंपनीच्या एका चक्राचे तीस दिवस पुरते भरले. अक्काचे त्यातले नऊ, बाकी दोघांचे सगळे.

इथे माझी एक चूक झाली, ती मी लपवत नाही. अक्काच्या कार्डावरून बिल आपोआप कापले जायचे. जाणाऱ्या गिऱ्हाइकाचे असे ऑटो-पे चालू राहिले आणि शेवटच्या बिलात दोन हजार न बघता गेले, असे मी दुकानात पाहिलेले आहे. म्हणून मीच तिला बँकेच्या अॅपमध्ये जाऊन ती परवानगी रद्द करायला लावली. सल्ला बरोबर होता, पण अर्धा. ‘आता शेवटचे बिल हाताने भरायला लागेल, आणि ते तुला शोधावे लागेल,’ हे सांगायचे राहिले.

बिल 5 जुलैला निघाले. अक्काला ते दिसले नाही. कंपनीच्या अॅपमध्ये जायला गेले की नंबर टाका, ओटीपी येईल, असे म्हणते आणि नंबर टाकला की ‘हा नंबर आमच्या नेटवर्कवर नाही’ म्हणून दार बंद. ज्या नंबराचे बिल काढले, त्याच नंबराने बिल बघता येत नाही. ईमेलवर पाठवले, असे कंपनीचे म्हणणे. तो ईमेल होता भाच्याच्या आधीच्या कॉलेजचा, कधीच बंद पडलेला. छापील बिल घरी यायचे केव्हाच थांबले आहे. 22 जुलै ही शेवटची तारीख अशीच गेली.

सप्टेंबरमध्ये अक्काच्या फोनवर नव्या कंपनीकडून मेसेज आला: तुमच्या आधीच्या कंपनीची थकबाकी आहे, न भरल्यास आउटगोइंग बंद होईल. अक्काने तो पुसून टाकला. का पुसला ते आपण सगळे जाणतो. ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल’, ‘तुमचे सिम बंद होईल’ असल्या मेसेजनी लुबाडलेली माणसे तिच्या ओळखीत आहेत. असे काही आले की हात लावायचा नाही, हे सरकार, बँका आणि मी, सगळ्यांनी तिला घोकून घोकून शिकवलेले. शिवाय जी कंपनी सोडली तिच्या पैशासाठी नवी कंपनी फोन का तोडेल, हे तिच्या मनातही येणे शक्य नव्हते.

एका सकाळी तिचा फोन लागायचा बंद झाला. तिला फोन येत होते, तिच्याकडून जात नव्हते. दाजींच्या फोनवरून ती मला म्हणाली, “अरे, माझा मोबाईल बिघडला वाटतं, घेऊन येऊ का दुकानात?” तिने येऊन फोन काउंटरवर ठेवला आणि मी मेसेजची जुनी यादी चाळली, तेव्हा उलगडा झाला.

गिऱ्हाइकांना बहुधा माहीत नसलेली तरतूद ही अशी. पोर्ट होऊन गेलेल्या माणसाने जुन्या कंपनीचे शेवटचे बिल भरले नाही, तर ती कंपनी मधल्या क्लिअरिंग हाऊसमार्फत नव्या कंपनीला कळवते. नवी कंपनी नोटीस देऊन आउटगोइंग बंद करते आणि तरीही भरले नाही तर नंबरच तोडला जातो. बिल बुडवून एकीकडून दुसरीकडे उड्या मारणारे महाभाग असतातच, त्यांच्यासाठी ही तरतूद हवी. ती काढा असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, कंपनीच्या वसुलीसाठी दोन कंपन्या आणि मधले घर मिळून यंत्रणा उभी आहे, आणि गिऱ्हाइकाच्या बिलाची वेळ आली की त्याच कंपन्यांना त्याचा पत्ता सापडत नाही.

आता ते बिल बघा. गॅलरीत जाऊन, अक्काचे आधार दाखवून, पाऊण तास उभे राहून छापून घेतले. मुख्य भाडे 999, पूर्ण महिन्याचे. कॉलर ट्यून 49. त्याखाली दोन ओळी: जोडलेल्या दोन नंबरांचे ‘स्वतंत्र प्लॅन भाडे’, 14 जून ते 4 जुलै, प्रत्येकी 314 रुपये 30 पैसे. बेरीज 1676.60, जीएसटी धरून 1978 रुपये 39 पैसे. उशिराचा दंड करासह 118. एकूण 2096 रुपये 39 पैसे.

झाले होते ते असे. मुख्य नंबर गेल्याबरोबर फॅमिली प्लॅन मोडला आणि मागे राहिलेले दोन्ही नंबर कंपनीने आपणहून 449 रुपयांच्या स्वतंत्र प्लॅनवर टाकले. विचारणे नाही, मेसेज नाही. 449 चे एकवीस दिवसांचे 314.30 होतात, तो हिशोब बरोबर. पण मग 999 चे पूर्ण भाडे कशाचे? फॅमिली प्लॅन महिनाभर चालू होता असे धरले, तर तिघांचा खर्च त्या 999 मध्ये आला आणि बिल 1236.64 व्हायला हवे. तो 13 जूनला मोडला असे धरले, तर नऊ दिवसांचे 299.70, दोघांचे वेगळे भाडे आणि कॉलर ट्यून मिळून करासह 1153.21. दोन्हींपैकी कुठलाही एक हिशोब धरा, मला चालेल. कंपनीने दोन्ही धरले.

(कॉलर ट्यून दाजींच्या नंबरावर होती, भजनाची. ती आपण लावलीच नाही असे दाजी आजही शपथेवर सांगतात आणि अक्काचा त्यावर विश्वास नाही. असल्या सेवा बंद करायला 155223 वर STOP पाठवायची सोय आहे. पोर्ट करण्याआधी ते करून टाकावे, घरातली शांतताही राहते.)

फोन बंद असल्यामुळे आम्ही आधी पूर्ण रक्कम भरली, पावती घेतली आणि मग तक्रारीला लागलो. आउटगोइंग लगेच सुरू झाले नाही. जुनी कंपनी मधल्या घराला कळवणार, ते नव्या कंपनीला, मग बंदी उठणार. तोडायला लावलेली साखळी जोडतानाही तशीच फिरते. त्यात आणखी तीन दिवस गेले.

तक्रारीचे तर नाटकच झाले. तक्रारीचा क्रमांक 198, असे प्रत्येक बिलावर छापलेले असते. अक्काच्या फोनवरून 198 लावला तर तो नव्या कंपनीत लागतो, कारण नंबर आता त्यांचा. नव्या कंपनीची मुलगी बिचारी म्हणते, हे बिल आमचे नाही. जुन्या कंपनीचा दहा आकडी क्रमांक शोधून लावला तर यंत्र म्हणते, ‘आमच्या नोंदणीकृत क्रमांकावरून फोन करा.’ तसा क्रमांक आता जगात नाही, तो तुम्हीच घालवला. शेवटी मी माझ्या दुसऱ्या सिमवरून लावला, माणूस मिळाला, तक्रार क्रमांकही मिळाला. दुसऱ्या दिवशी मेसेज: ‘हा नंबर आमच्या नेटवर्कवर नसल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.’ तोच नंबर बिल भरला नाही म्हणून तोडायला मात्र त्यांना बरोबर सापडला होता.

आपल्या 2012 च्या तक्रार निवारण विनियमांत दुसरी पायरी आहे. तक्रारीच्या निकालाने समाधान झाले नाही तर तीस दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते, आणि त्याने 39 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. त्याला पैसे पडत नाहीत. आम्ही अपील केले. बिलाची प्रत, वरचे दोन्ही हिशोब आणि पावती जोडली. निर्णय मुदतीत आला आणि आमच्या बाजूने आला, हे प्रामाणिकपणे सांगतो. दुबार आकारलेले 628.60 आणि त्यावरचा कर असे 741 रुपये 75 पैसे परत करण्याचा आदेश झाला. उशिराचा दंड परत नाही, कारण बिल ‘पाठवले’ होते.

हे पैसे कुठे आले? अक्काच्या जुन्या पोस्टपेड खात्यात. म्हणजे बंद झालेल्या खात्यात, पुढच्या बिलात वळते करण्यासाठी, जे बिल आता कधीच निघणार नाही. त्याच खात्यात 2008 ला कनेक्शन घेताना भरलेली 500 रुपयांची अनामत पडून आहे. ती प्रत्येक बिलाच्या शेवटच्या पानावर ‘सुरक्षा ठेव’ म्हणून इमानाने छापली जायची, पण शेवटच्या बिलातून वजा झाली नाही. विचारले तर मूळ पावती आणा म्हणतात. 2009 च्या सेवा-गुणवत्ता विनियमांत खाते बंद झाल्यावर अनामत परत करायला साठ दिवसांची मुदत लिहिली होती. आमचे त्याच्या दुपटीहून जास्त दिवस झाले. ज्या कंपनीच्या स्वतःच्या बिलावर ठेवीचा आकडा आहे, तिने सतरा वर्षांपूर्वीची पावती कशाला मागावी?

पुढची पायरी ग्राहक आयोगाची. सर्वोच्च न्यायालयाने 16 फेब्रुवारी 2022 च्या निकालात मोबाईल सेवेच्या तक्रारीसाठी ग्राहकाला ग्राहक मंचाकडे जाता येते हे स्पष्ट केले आहे, त्यामुळे दार उघडे आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांकही लावून झाला. पण साडेबाराशे रुपयांसाठी निवृत्त नर्सने साताऱ्याच्या चकरा माराव्यात, यात कंपनीचाच फायदा आहे.

आता मागण्या. त्यांना नवी यंत्रणा लागत नाही, असलेलीच गिऱ्हाइकाच्या बाजूनेही फिरवायची आहे.

पहिली मागणी कोडच्या मेसेजबद्दल. 1900 वर मेसेज गेला की जुन्या कंपनीच्या संगणकाला त्या क्षणी विचारले जाते, याची बिले भरलेली आहेत का. तोच संगणक आजवरचा न निघालेला वापरही जाणतो. मग कोडसोबत दोन ओळी जास्त पाठवा: आजपर्यंत न निघालेली रक्कम अंदाजे इतकी, आणि तुमच्या खात्याला अमुक जोडलेले नंबर आहेत, तुम्ही गेल्यावर त्यांचा प्लॅन असा होईल. ज्याला हे मान्य नाही तो कोड वापरणार नाही. जोडलेल्या नंबराच्या मालकाला त्याच्या फोनवर विचारल्याशिवाय महाग प्लॅनवर टाकू नये, हे तर सांगायचीही गरज पडू नये.

दुसरी, शेवटच्या बिलाबद्दल. ते चक्र संपायची वाट न बघता, नंबर हलल्यापासून ठरावीक दिवसांत निघावे. सात दिवस पुरेत. भाडे दिवसांच्या प्रमाणात लावावे. अर्धा महिना सेवा दिली तर पूर्ण महिन्याचे भाडे कशासाठी? आणि ते बिल त्याच नंबरावर मेसेजने पाठवावे, ज्या दुव्यावर अॅपच्या ओटीपीशिवाय ते उघडेल. नंबर बदललेला नाही, फक्त नेटवर्क बदलले आहे, त्यामुळे मेसेज पोचायला अडचण नाही. अनामत त्याच बिलातून आपोआप वजा व्हावी आणि गिऱ्हाइकाचे काही येणे निघाले तर ते बँक खात्यात जावे. बंद खात्यात जमा करणे म्हणजे परत करणे नव्हे, हे नियमात एका वाक्यात लिहा.

तिसरी मागणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जुन्या कंपनीने नवीला ‘याचे आउटगोइंग बंद करा’ असे कळवण्याआधी, शेवटचे बिल गिऱ्हाइकाला पोचल्याचा पुरावा तिच्याकडे असला पाहिजे. ‘पाठवले’ पुरेसे नाही. त्या बिलावर तक्रार किंवा अपील चालू असेल तर तोडण्याची मागणी थांबावी. आणि तो इशाऱ्याचा मेसेज असा असावा की अक्कासारख्या माणसाला तो फसवणुकीचा वाटणार नाही: जुन्या कंपनीचे नाव, बिल क्रमांक, रक्कम, शेवटची तारीख आणि कुठल्याही फोनवरून लागेल असा क्रमांक. दुव्यावर बोट ठेवा, एवढेच त्यात नको.

आणि शेवटची, सोडून गेलेल्या गिऱ्हाइकाची तक्रार बिल क्रमांकावर घेतली जावी, कुठल्याही नंबरावरून. नंबर आमचा नाही म्हणून तक्रार बंद करायला बंदी असावी.

हे होईपर्यंत माझ्या काउंटरवर येणाऱ्या पोस्टपेडवाल्याला मी काय सांगतो, तेही लिहितो, म्हणजे हे पत्र वाचणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल. सर्वांत आधी हे, की कंपनीला फोन करून ‘कनेक्शन बंद करा’ म्हणू नका. बंद केलेला नंबर पोर्ट होत नाही, तो हातचा जातो. पोर्ट झाला की जुना प्लॅन आपोआप संपतो, वेगळा रद्द करावा लागत नाही. एका बाईंनी दोन्ही केले, आधी बंद करायला सांगितले आणि मग माझ्याकडे आल्या. वीस वर्षांचा नंबर होता, मला काहीच करता आले नाही.

मग बिलाचे चक्र बघतो. ते 4 तारखेला संपत असेल तर आधीचे बिल भरून, नंबर 3 किंवा 4 ला हलेल अशा बेताने अर्ज करायचा. कोड चार दिवस चालतो आणि हलायला कामाचे तीन दिवस लागतात, रविवार आणि सुट्टी मध्ये येते, एवढे मोजले की जमते. त्यामुळे कंपनी पूर्ण भाडे लावो की दिवसांचे, फरक फार पडत नाही. फॅमिली प्लॅन असेल तर सगळे नंबर एका वेळी हलवायचे, नाहीतर जोडलेले आधी आणि मुख्य सर्वांत शेवटी. सिम हरवून नुकतेच बदलून घेतले असेल तर सात दिवस थांबायचे, जुलै 2024 पासून त्याआधी कोडच मिळत नाही.

कोड मागण्याआधी अॅप उघडून चार गोष्टींचे फोटो काढायचे: खाते क्रमांक, शेवटची तीन बिले, न निघालेली रक्कम आणि अनामतीची ओळ. ईमेल चालू आहे ना, ते तिथेच बघून बदलायचे, कारण नंतर आत जाता येत नाही. ऑटो-पे बंद करायचे आणि त्याच दिवशी कॅलेंडरवर पुढच्या बिलाच्या तारखेभोवती गोल करायचा. त्या तारखेनंतर आठवड्यात बिल आले नाही तर स्वतः गॅलरीत जायचे. आले तर भरायचे, चूक असली तर भरून भांडायचे आणि खाते बंद झाल्याचे, बाकी शून्य असल्याचे लेखी मागायचे. आता माझ्या काउंटरच्या काचेखाली मी हे हाताने लिहून ठेवले आहे. गिऱ्हाईक वाचते आणि म्हणते, “एवढं सगळं? मग राहू दे, आहे तीच कंपनी बरी.” अशी दोन-तीन माणसे महिन्यात परत जातात.

माननीय अध्यक्ष महोदय, अक्काच्या बंद खात्यात आज 741 रुपये 75 पैसे आणि अनामतीचे 500, असे 1241 रुपये 75 पैसे तिचे येणे आहे. अपिलाचा आदेश, शेवटचे बिल आणि पैसे भरल्याची पावती यांच्या प्रती आपल्या कार्यालयाला टपालाने वेगळ्या पाठवत आहे. पैसे मिळतील न मिळतील, त्यासाठी आम्ही आयोगाकडे जाऊ. पोर्टिंगच्या नियमांत पुढची दुरुस्ती कराल, तेव्हा वरच्या चार मागण्या सूचना म्हणून विचारात घ्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक मोबाईल दुकानदार
कराड, जि. सातारा